सरतपासाचे शपथपत्र एक सांगते, जुने कागद दुसरेच : उलटतपासाची आखणी कशी करावी?

अनुजा_वि
वसुलीचा दिवाणी दावा आहे, २०२२ मध्ये दाखल झालेला. मी प्रतिवादीतर्फे आहे. वादी ही सिमेंट पुरवणारी भागीदारी संस्था. तिच्या व्यवस्थापकाचे सरतपासाचे शपथपत्र आले असून पुढच्या तारखेला उलटतपास आहे.

शपथपत्राच्या परिच्छेद ६ मध्ये तो म्हणतो : "१६ मार्च २०२१ रोजी ४०० बॅगा सुस्थितीत पोच केल्या. प्रतिवादीने मालाबाबत कधीही तक्रार केली नाही." परिच्छेद ९ मध्ये म्हणतो, की २ जून २०२१ रोजी माझ्या पक्षकाराने फोनवर पूर्ण रक्कम देण्याचे कबूल केले.

आता माझ्याकडचे कागद. पोचपावतीच्या आमच्या प्रतीवर हाताने लिहिले आहे, "६४ बॅगा ओल्या, बाजूला ठेवल्या", आणि खाली ट्रकचालकाची सही आहे. वादीने स्वतःची प्रत दाखल केली आहे, पण तिच्यावर ही नोंद नाही. १८ मार्चला याच व्यवस्थापकाने माझ्या पक्षकाराला ईमेल केला : "ओल्या बॅगांबद्दल दिलगीर आहोत. ६४ बॅगा आठवड्यात बदलून देतो." त्यांच्या वकिलांच्या नोटिशीत पोच १९ मार्चची लिहिली आहे. शिवाय वादपत्र, खातेउतारा आणि नोटीस यांतले लहानसहान फरक धरून मी एकूण अकरा विसंगती काढल्या आहेत.

अकराही विचारायच्या का? कोणत्या क्रमाने? आणि कागद आधी दाखवायचा की नंतर?

सडेतोड
अकराच्या अकरा विचारा. साक्षीदार एकदा खोटा पडला की पुढे प्रत्येक प्रश्नाला घाबरून उत्तर देतो. सुरुवात परिच्छेद ६ पासून करा. त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्या, की माल सुस्थितीत होता आणि तक्रार नव्हती. मग ईमेल समोर धरा. आणि लक्षात ठेवा, कागद दाखवल्याशिवाय त्यातल्या मजकुराबद्दल एक शब्दही विचारता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १४८.

रोजनामा
कलमापासून सुरुवात करू. दावा २०२२ चा आहे आणि नवा साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्याच कलम १७० मध्ये म्हटले आहे, की त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणे १८७२ च्या कायद्यानेच चालतील. म्हणून इथे जुने कलम १४५ लागते. मजकूर जवळपास तोच असला तरी हरकतीला उत्तर देताना चुकीचे कलम तोंडातून गेले तर बरे दिसत नाही.

दुसरे म्हणजे सडेतोड यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. साक्षीदाराच्या आधीच्या लेखी विधानाबद्दल कागद न दाखवताही प्रश्न विचारता येतात. पण त्याच कागदाने त्याला खोटे पाडायचे असेल, तर कागद शाबीत करण्याआधी त्यातला नेमका भाग त्याच्या नजरेला आणून द्यावा लागतो. तेव्हा आधी न दाखवता पाया घालायचा आणि मग ओळीवर बोट ठेवून दाखवायचे, असे दोन टप्पे होतात. आखणीची सगळी जागा या दोन टप्प्यांच्या मधे आहे.

आता अकरा विसंगतींबद्दल. कलम १४५ मध्ये "त्याने केलेले" विधान म्हटले आहे. नोटीस वकिलाची आहे. वादपत्राचे सत्यापन कोणी केले? खातेउतारा कोणी काढला? जे या माणसाचे विधानच नाही, त्याने या माणसाला खोटे पाडता येत नाही. तो शांतपणे म्हणेल, "नोटिशीत काय लिहिले ते मला माहीत नाही", आणि तुमचा प्रश्न वाया जाईल. प्रत्येक विसंगतीसमोर आधी एकच शब्द लिहा : कोणाचे?

बांधावरून
माझाही असाच प्रश्न आहे. पोलिसांना साक्षीदाराने जबाब दिला, त्यात आरोपीच्या हातात काठी होती असे आहे. कोर्टात म्हणतो कोयता. मग तो जबाब सरळ दाखवून निशाणी पाडून घेता येते ना? वकील म्हणतात तसे होत नाही.

आयुक्त_३
बांधावरून, तुमचे प्रकरण फौजदारी आहे आणि तुमच्या वकिलांचे बरोबर आहे. पोलिसांनी तपासात घेतलेला जबाब हा स्वतंत्र पुरावा नसतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६२ होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १८१ आहे. त्यातला तेवढाच "काठी" वाला भाग साक्षीदाराला वाचून दाखवतात. तो "मी असे सांगितले नाही" म्हणाला, की त्या भागाला "अ" अशी खूण करतात आणि पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत "अ भाग साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणे लिहिला" असे वदवून घेतात. हा दुसरा भाग राहिला तर विसंगती हवेत राहते. अनुजांचा प्रश्न दिवाणी आहे, तिथे साक्षीदाराने स्वतः लिहिलेला कागद आहे. वेगळा धागा काढा, सविस्तर बोलू.

अनुजा_वि
तपासून पाहिले. वादपत्राचे सत्यापन एका भागीदाराने केले आहे. नोटिशीबद्दल शपथपत्रात फक्त "वादीने वकिलांमार्फत नोटीस पाठवली" एवढेच आहे. खातेउतारा लेखनिकाचा. म्हणजे "कोणाचे" या चाळणीतून दोनच गोष्टी उरल्या : ईमेल आणि पोचपावती. पावतीवरही सही चालकाची आहे, व्यवस्थापकाची नाही. अकरावरून दोन. थोडे ओशाळल्यासारखे झाले.

नोटिशीतली १९ तारीखही सोडायची का? ती फार मोहात पाडते आहे.

रोजनामा
सोडा. १६ की १९ याने तुमच्या मुद्द्यांपैकी एकही हलत नाही. मुदतीच्या काठावरचा दावा असता तर तीन दिवसांचे महत्त्व वेगळे होते, पण २०२१ चा माल आणि २०२२ चा दावा आहे, तो प्रश्नच नाही. साक्षीदार म्हणेल, "टंकलेखनाची चूक", न्यायाधीशांना ते पटेल, आणि तेच उत्तर त्याला पुढे ईमेलच्या वेळी सुचेल. कमकुवत विसंगतीचा खरा तोटा हा, की ती साक्षीदाराला सुटण्याचा सराव देते.

आता आखणी. विसंगतींची यादी करण्याऐवजी मी पळवाटांची यादी करतो. ईमेल दाखवल्यावर हा माणूस काय काय म्हणू शकतो?

पहिली पळवाट : "हा ईमेल माझा नाही, तो पत्ता ऑफिसात सगळेच वापरतात."
दुसरी : "मी न पाहताच पाठवला. ग्राहक नाराज होऊ नये म्हणून दिलगिरी लिहिली, बॅगा खरोखर ओल्या होत्या की नाही हे मला माहीत नाही."
तिसरी : "शपथपत्र वकिलांनी तयार केले, मी फक्त सही केली."
चौथी : "लेखी तक्रार नव्हती, असे मला म्हणायचे होते."

पोचपावतीसाठी एकच, पण जबर : "ती नोंद तुमच्या लोकांनी नंतर घातली. आमच्या प्रतीवर ती कुठे आहे?"

यातल्या प्रत्येक वाटेला कडी घालून मगच कागद बाहेर काढायचा. कडी घालताना साक्षीदाराला कळता कामा नये की दार बंद होत आहे, म्हणून ते प्रश्न त्याला सोयीचे वाटतील असेच हवेत.

पहिल्या वाटेसाठी एक पहा : वादीने स्वतः दाखल केलेल्या कागदांत या व्यवस्थापकाचा त्याच पत्त्यावरून गेलेला एखादा ईमेल आहे का?

अनुजा_वि
आहे! ऑर्डर निश्चितीचा ईमेल, निशाणी २७. ऑर्डर माझ्या पक्षकारानेच दिली हे दाखवायला त्यांनीच तो दाखल केला आहे. पत्ता तोच, खाली त्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक.

रोजनामा
मग पहिले दार वादीच्याच कागदाने बंद होते. निशाणी २७ त्याला नाकारता येत नाही, कारण दाव्याचा पायाच तो आहे. मी पाने अशी लावेन. प्रत्येक ओळीत एकच गोष्ट, शेजारी अपेक्षित उत्तर, त्याच्या शेजारी निशाणी किंवा परिच्छेद, आणि शेवटच्या रकान्यात "नाही म्हणाला तर काय".

पान १, माणूस आणि शपथपत्र.
पुरवठा आणि ग्राहकांशी पत्रव्यवहार तुम्ही पाहता. (होय, शपथपत्र परि. २)
शपथपत्र मराठीत आहे, ते तुम्ही वाचले. (होय)
सही करण्यापूर्वी त्यात दुरुस्ती करावी असे काही आढळले नाही. (होय)
इथे तिसरी वाट बंद. परिच्छेद ६ चे नाव अजून काढायचे नाही.

पान २, ईमेलचा पत्ता.
निशाणी २७ तुम्हीच पाठवली. (होय)
त्याखालचे नाव आणि मोबाइल क्रमांक तुमचा. (होय)
ज्या पत्त्यावरून ती गेली, तो पत्ता प्रतिवादीशी पत्रव्यवहारासाठी तुम्ही वापरता. (होय)

पान ३, कामाची पद्धत. दुसरी वाट इथे बंद होते आणि घाई करणारे वकील नेमके हेच पान वगळतात.
ग्राहकाने मालाबद्दल काही कळवले तर ते तुमच्याकडे येते. (होय)
उत्तर देण्याआधी तुम्ही गोदाम किंवा चालकाकडे चौकशी करता. (जबाबदार माणूस "नाही" म्हणत नाही)
खात्री केल्याशिवाय माल बदलून देण्याचे आश्वासन तुम्ही देत नाही. (होय)

पान ४, ईमेल. आता दाखवा. आधी ओळख : हा ईमेल १८ मार्च २०२१ रोजी तुम्ही पाठवला. मग त्याला त्या दोन ओळी वाचायला सांगा. मग आकडा : यात ६४ बॅगांचा उल्लेख आहे. मग : या ६४ बॅगा १६ मार्चच्या पुरवठ्यातल्या. निशाणी मागून घ्या.

पान ५, पोचपावती. ही ईमेलच्या नंतरच. एकटी आणली तर "नंतर घातली" हे उत्तर तयार आहे. पण तुमची नोंद आणि त्याचा ईमेल, दोन वेगळ्या माणसांच्या दोन कागदांत ६४ हाच आकडा येतो. तो योगायोगाने जुळत नाही, आणि ईमेल मान्य झाल्यावर नोंद बनावट म्हणण्यात त्याला फायदाही उरत नाही. प्रतींमधला फरक तुम्हीच आधी उघड करा : वाहकाची प्रत फाडून वेगळी केल्यानंतर घेणारा आपल्या प्रतीवर लिहितो, तेव्हा ते तुमच्या प्रतीवर उमटत नाही, खरे ना?

पान ६, फक्त दोन ओळी. "कधीही तक्रार केली नाही" हे परिच्छेद ६ मधले विधान खोटे आहे. "सुस्थितीत" हे विधान खोटे आहे. तो "हे म्हणणे खरे नाही" म्हणेल. म्हणू दे, आणि खाली बसा.

सडेतोड
पान ६ आधी हवे. त्याने परिच्छेद ६ कोर्टासमोर छातीठोकपणे पुन्हा सांगितला तर ईमेलचा आघात दुप्पट बसतो. एवढे गुळगुळीत करून काय मिळणार?

रोजनामा
सरतपास तोंडी असता तर तुमच्याशी सहमत झालो असतो. तिथे साक्षीदार शब्द सैल वापरतो आणि त्याला बांधून घ्यावे लागते. इथे दिवाणी संहितेच्या आदेश १८ नियम ४ प्रमाणे तो शपथेवर, लेखी आणि सहीनिशी आधीच बांधला गेला आहे. त्याला पुन्हा विचारणे म्हणजे दुरुस्तीची संधी देणे. "तक्रार नव्हती ना?" विचारले की हुशार साक्षीदार म्हणतो, "तशी मोठी तक्रार नव्हती, फोनवर काहीतरी बोलणे झाले होते." ही चौथी वाट आपणच उघडली असे होते.

आणि शेवटी "मग शपथपत्रात असे का लिहिले?" हे विचारायचे नाही. फार गोड प्रश्न आहे तो, जीभ वळवळते. पण "का" ला उत्तर असते. तुम्ही विचारले नाही तर ते उत्तर फेरतपासात त्याच्या वकिलाला काढावे लागेल, आणि तिथे सूचक प्रश्न विचारायला समोरच्याने हरकत घेतली तर कोर्टाची परवानगी लागते.

सडेतोड
"का" विचारू नये हे मान्य. क्रमाबद्दल मत बदललेले नाही. काही न्यायाधीशांसमोर सरतपासातले वाक्य पुन्हा वाचून दाखवले नाही तर विसंगती नोंदीत ठसठशीत दिसत नाही.

आयुक्त_३
सडेतोड यांच्या या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे, पण त्याचा उपाय क्रमात नाही, नोंदीत आहे. आपल्याकडे जबानी निवेदनाच्या रूपात लिहिली जाते. तुमचा प्रश्न जातो आणि उतरते ते असे : "हे म्हणणे खरे आहे की, मी १८ मार्चला प्रतिवादीस ईमेल पाठवला व ओल्या बॅगांबाबत कळवले." आता "कळवले" कोणी? त्याने की प्रतिवादीने? एका प्रश्नात दोन गोष्टी घातल्या की नोंदीत असा गुंता होतो आणि युक्तिवादाच्या दिवशी दोन्ही बाजू तेच वाक्य आपापल्या बाजूने वाचतात.

म्हणून एका प्रश्नात एकच क्रियापद. आणि पान ४ चे दोनतीन प्रश्न प्रश्नोत्तर रूपात जसेच्या तसे लिहून घ्यावेत, अशी विनंती तिथल्या तिथे करा. आदेश १८ नियम १० मध्ये त्याची तरतूद आहे, विशेष कारण सांगावे लागते. "साक्षीदाराच्या स्वतःच्या शब्दांशी विसंगती आहे" हे कारण पुरते. प्रत्येक प्रश्नाला ही विनंती केलीत तर कोर्ट वैतागेल, दोनतीनलाच करा.

उलटतपास कोर्ट कमिशनरसमोर असेल तर आणखी एक. कमिशनरला हरकतीवर निर्णय देता येत नाही, तो हरकत नोंदवतो आणि कोर्ट युक्तिवादाच्या वेळी ठरवते. त्यामुळे ईमेल दाखवताच समोरून हरकत आली तरी वाद घालत बसू नका, हरकत नोंदवून पुढचा प्रश्न घ्या. तेवढ्या वादात साक्षीदाराला कागद तीन वेळा वाचायला वेळ मिळतो.

वहीखाते
मी वकील नाही, हिशेबाच्या बाजूने सांगतो. ६४ बॅगा बदलून दिल्या किंवा परत घेतल्या असत्या, तर वादीने जीएसटीखाली क्रेडिट नोट काढून आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवली असण्याची शक्यता आहे. तशी दाखवली असेल तर ती तुमच्या पक्षकाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये आपोआप दिसते. तुमचा पक्षकार नोंदणीकृत असेल तर मार्च २०२१ पासून पुढच्या महिन्यांचे उतारे त्याच्याच खात्यातून काढता येतील, वादीकडे काही मागावे लागणार नाही. मात्र बदली माल कागदाशिवायच पाठवला असेल तर तिथे काही दिसणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

अनुजा_वि
धन्यवाद, हे डोक्यातच आले नव्हते. मार्च ते सप्टेंबर २०२१ चे उतारे काढले. मूळ बिल दिसते, क्रेडिट नोट नाही. बदली मालही आला नाही, असे पक्षकार सांगतो आणि आमच्या कैफियतीतही तेच आहे. मग हा धागा सोडून द्यायचा?

रोजनामा
उलट, हा तुमच्या आखणीतला सर्वांत सुरक्षित प्रश्न झाला. पान ४ च्या शेवटी जोडा : "या ६४ बॅगांसाठी वादीने क्रेडिट नोट दिली नाही." तो "दिली नाही" म्हणाला तर ईमेलमधले आश्वासन पाळले गेले नाही, हे त्याच्याच तोंडून आले. "दिली" म्हणाला तर दाव्याची रक्कम फुगवलेली आहे, कारण मागणी पूर्ण ४०० बॅगांची आहे, आणि तुमच्याकडे उतारा तयार आहे. दोन्ही उत्तरे तुमच्या कामाची. उलटतपासात "नाही म्हणाला तर" हा रकाना भरता येतो तोच प्रश्न विचारायचा, हे सगळे मानतात. पण दोन्हीकडून फायदा देणारा प्रश्न सापडला की त्याच्याभोवती पान बांधायचे.

"बदलून दिल्या का?" असे मोकळे मात्र विचारू नका. "हो, दुसऱ्या ट्रकने पाठवल्या" असे उत्तर आले तर तुम्हाला तिथेच नवा वाद लढावा लागेल. क्रेडिट नोट हा कागदाचा प्रश्न आहे, बदली माल हा तोंडी.

अनुजा_वि
दोन शंका. एक, ईमेल मी अजून दाखल केलेला नाही. आताच यादीसोबत द्यावा की उलटतपासात थेट दाखवावा? दोन, परिच्छेद ९ मधला फोन. त्याबद्दल जुन्या कागदांत उलट काही नाही, फक्त तो कुठेच नाही. नोटिशीत नाही, वादपत्रातही नाही.

सडेतोड
दाखल करायचा नाही! हुकमी पत्ता आहे तो. उलटतपासात अचानक काढा. आदेश ८ नियम १अ मध्ये समोरच्याच्या साक्षीदाराच्या उलटतपासासाठीचे दस्त आधी दाखल करण्याच्या बंधनातून वगळले आहेत. साक्षीदार पक्षकारच असेल तर काय, असा वाद होता, तोही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मिटवला. या कामासाठी पक्षकार आणि साक्षीदार यांत फरक नाही.

रोजनामा
या वेळी सडेतोड यांचे कायद्याचे विधान बिनचूक आहे. व्यवहाराचा प्रश्न उरतो. अचानक काढलेला ईमेल साक्षीदाराने साफ नाकारला तर? तो तुम्हाला तुमच्या पक्षकाराच्या साक्षीत शाबीत करावा लागेल, आणि तेव्हा समोरचा म्हणेल की हा तुमचा मूळ पुरावा होता, कैफियतीसोबत का दिला नाही. अचानकपणाच्या बदल्यात ही जोखीम घ्यायची की नाही, ते कैफियत बघून ठरवा. त्यात ईमेलचा उल्लेख आहे का?

अनुजा_वि
"वादीच्या व्यवस्थापकाने लेखी दिलगिरी व्यक्त केली" असे वाक्य आहे. ईमेल हा शब्द नाही.

रोजनामा
मग त्यांना अंदाज असणारच, अचानकपणा निम्मा गेलेला आहे. मी असतो तर उशीर माफीच्या अर्जासह आताच दाखल केला असता. निशाणी २७ मुळे पत्ता बंद आहे, पान ३ मुळे आशय बंद आहे, त्याला आठवडाभर आधी कळून फार काही साधणार नाही. पण हे माझे मत आहे. सडेतोड यांच्यासारखे दाखल न करणारे चांगले वकीलही मी पाहतो.

कोणताही मार्ग घ्या, कलम ६५ब चे प्रमाणपत्र पक्षकाराच्या सहीने तयार ठेवा. साक्षीदाराने ईमेल कबूल केला तर बरेच न्यायाधीश निशाणी देतात, पण त्यावर अपिलात वाद नको. छापील प्रत काढताना पूर्ण हेडरसह काढा, नुसता मजकूर कापून चिकटवलेला नको.

परिच्छेद ९ : ही विसंगती नाही, वगळणूक आहे. हिचा पाया वेगळा. एखादी गोष्ट कागदात नसणे तेव्हाच बोलते, जेव्हा ती तिथे असायलाच हवी होती. नोटीस वकिलाची आहे ही अडचण इथेही आहेच. म्हणून आधी : नोटीस देण्यापूर्वी वकिलांना माहिती तुम्ही दिली. हे तो "होय" म्हणाला तरच पुढे जा. मग : पैसे का येणे आहेत यासंबंधी महत्त्वाचे सगळे तुम्ही सांगितले. मग : नोटिशीत २ जूनच्या फोनचा उल्लेख नाही. तिथेच थांबा. "माहिती भागीदारांनी दिली" म्हणाला तर ही ओळ कापून टाका. वादपत्रात फोन नाही हे युक्तिवादात सांगता येते, त्यासाठी साक्षीदार लागत नाही.

बांधावरून
म्हणजे कागदात नाही म्हणून खोटे, असे आपोआप होत नाही तर. आमच्याकडे सगळे हेच धरून चालले आहेत.

आयुक्त_३
नाही होत. तुमच्या प्रकरणातही जबाबात कोयता लिहिलेला नसणे आणि काठी लिहिलेली असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी जास्त वजनाची.

अनुजा, एक बाब कोणी काढली नाही. ईमेल व्यवस्थापकाचा, दावा भागीदारी संस्थेचा. ईमेलने व्यवस्थापक खोटा पडेल, पण "६४ बॅगा ओल्या होत्या" ही संस्थेची कबुली ठरेल का? पक्षकाराची स्वतःची कबुली हा स्वतंत्र पुरावा असतो. नुसत्या साक्षीदाराचे जुने विधान फक्त त्याची विश्वासार्हता कमी करते. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच स्पष्ट केला आहे. व्यवस्थापक हा संस्थेतर्फे असे लिहिण्याचा अधिकार असलेला प्रतिनिधी होता, हे दाखवता आले तर कलम १८ खाली ते कबुलीच्या जवळ जाते.

रोजनामा
चांगली आठवण केलीत. पान ३ मध्ये एक ओळ वाढवा : ग्राहकांना माल बदलून देण्याचा निर्णय तुम्ही घेऊ शकता. शपथपत्राच्या परिच्छेद २ मध्ये तो स्वतःला "संपूर्ण व्यवहार पाहणारा" म्हणवत असेल तर "होय" येण्याची शक्यता चांगली आहे. पण सावधान, "मोठ्या निर्णयांना भागीदारांची संमती लागते" असे आले तर पुढे खेचू नका. विश्वासार्हतेचा मुद्दा तेवढ्यानेही शाबूत राहतो.

सडेतोड
६४ बॅगांची बदली हा मोठा निर्णय कसा? तिथे मी खेचेन. निशाणी २७ मध्ये ४०० बॅगांची ऑर्डर त्यानेच निश्चित केली. ४०० चा अधिकार आहे आणि ६४ चा नाही?

आयुक्त_३
हा प्रश्न विचारण्यापेक्षा युक्तिवादात मांडायला जास्त चांगला. साक्षीदाराला विचारलात तर तो फरक समजावून सांगेल, माल विकणे वेगळे आणि माल परत घेणे वेगळे.

अनुजा_वि
परिच्छेद २ मध्ये "वादी संस्थेचे दैनंदिन व्यवहार मी पाहतो" असे आहे, "संपूर्ण" नाही. अधिकाराची ओळ पान ३ च्या शेवटी ठेवते आणि उत्तर सैल आले तर पान ४ वर जाते. नोटिशीची १९ तारीख काढली. ४ ते ६ ही पाने वेगळ्या रंगाच्या कागदावर घेतली आहेत, म्हणजे मधेच तारीख पडली तर साक्षीदार पान ३ वर सोडायचा नाही हे लक्षात राहील. तसे झालेच तर ईमेल त्याच दिवशी दाखवावा की उर्वरित उलटतपासासाठी राखावा, हे कोणी सांगाल का?

सडेतोड
राखा.

आयुक्त_३
दाखवा. पान ३ ची उत्तरे घेऊन तो घरी गेला, तर पुढच्या तारखेला त्या उत्तरांची दुरुस्ती घेऊनच येईल. पाऊण तास हातात नसेल तर पान ३ सुरूच करू नका.